‘डेटा इज’ की ‘डेटा आर’? इंग्रजी वाक्य पाठवण्याआधी पडणारे प्रश्न

इंग्रजीत शोधनिबंध, प्रकल्प अहवाल किंवा बातमी लिहिणाऱ्या मुंबईतल्या मराठी मंडळींकडून तपासायला येणाऱ्या वाक्यांत दोन शब्द हमखास अडतात: डेटा आणि मीडिया. त्यांच्यापुढचं क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, यावर गाईड एक सांगतात, सहकारी दुसरं सांगतो आणि जर्नलचा परीक्षक तिसरंच काहीतरी लाल शाईत लिहून पाठवतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. मोठ्याने वाचून पाहिलीत तर कान बरंच काम करेल.

थेट सांगा, ‘द डेटा इज’ बरोबर की ‘द डेटा आर’?

दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच लेखनात दोन्ही नकोत आणि एकाच वाक्यात तर नकोतच.

हे उत्तर टाळाटाळीचं वाटेल, पण मराठीत आपण रोज हेच करतो. ‘आकडे सांगतात’ आणि ‘आकडेवारी सांगते’. माहिती तीच, पण ‘आकडे’ म्हटलं की सुटे सुटे मोजता येणारे नग डोळ्यांपुढे येतात आणि ‘आकडेवारी’ म्हटलं की अख्खा गठ्ठा. इंग्रजीला या दोन्ही कामांसाठी डेटा हा एकच शब्द वापरावा लागतो. लिहिणाऱ्याच्या मनात आकडे असतील तर ‘आर’, आकडेवारी असेल तर ‘इज’. ‘आकडे सांगते’ हे जितकं खटकतं, तितकंच ‘दीज डेटा शोज’ इंग्रजी वाचकाला खटकतं. घोटाळा एकवचनात नाही आणि अनेकवचनातही नाही, तो दोन्हींची भेसळ होते तिथे आहे.

पण डेटा हे मुळात लॅटिनमधलं अनेकवचन आहे ना? मग एकवचन चूकच नाही का?

मुळात आहे, हे खरं. डेटम म्हणजे ‘दिलेली गोष्ट’ आणि डेटा म्हणजे ‘दिलेल्या गोष्टी’. मीडियाचंही तसंच: मीडियम एक, मीडिया अनेक. पण शब्द एकदा दुसऱ्या भाषेत रुजला की त्याचं वचन नवी भाषा ठरवते. अजेंडा हेही लॅटिन अनेकवचनच, तरी ‘द अजेंडा आर रेडी’ असं आज कुणी लिहीत नाही. स्टॅमिनाचीही तीच गत.

यावरून ‘म्हणजे सगळंच चालतं’ असं मात्र समजू नका. क्रायटेरिया आणि फिनॉमिना हे शब्द ग्रीकमधून आलेले, तेही अनेकवचनीच, आणि त्यांनी अजून आपलं अनेकवचन सोडलेलं नाही. ‘दिस क्रायटेरिया इज’ असं प्रबंधात लिहिलंत तर कोणताही चांगला संपादक ते ‘दिस क्रायटेरियन इज’ करणार. अजेंडा पूर्ण पलीकडे गेला, क्रायटेरिया अजून अलीकडे आहे, आणि डेटा व मीडिया हे दोघे मधल्या टप्प्यावर आहेत. म्हणून त्यांच्याबाबत मूळ काय होतं यापेक्षा आज कुठल्या वाचकासमोर काय चालतं, हे पाहावं लागतं.

मग कुणाला काय पाठवायचं?

ज्यांना वाक्य पाठवताय त्यांचा रिवाज आधी बघा. हे काम पाच मिनिटांचं असतं, तरी बहुतेक जण ते करत नाहीत.

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांची पहिली गाठ बहुधा आयट्रिपलईच्या परिषदेशी पडते. त्यांच्या कॉन्फरन्स टेम्प्लेटमध्ये नेहमीच्या चुकांची एक यादी असते आणि तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की डेटा हा शब्द अनेकवचनी आहे, एकवचनी नाही. गंमत अशी की याच टेम्प्लेटमधला नमुना मजकूर पुसून त्याच्या जागी विद्यार्थी आपला पेपर लिहितात, म्हणजे ती सूचना न वाचताच डिलीट होते. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य या विषयांत एपीए शैली चालते, तिथेही अनेकवचनच.

रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यांखालच्या टिपा पाहिल्यात तर तिथे ‘डेटा आर प्रोव्हिजनल’ असं छापलेलं दिसेल. अर्थशास्त्र आणि बँकिंगमध्ये काम करणाऱ्या मुंबईकरांच्या कानाला ‘आर’ ओळखीचा वाटतो तो यामुळेच. उलट कायद्याच्या लोकांना ‘इज’ जवळचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या इंग्रजी मजकुरात पर्सनल डेटापुढे ‘इज’ येतो. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्येही सर्रास एकवचनच चालतं. ‘द डेटा आर इन द क्लाउड’ असं अंधेरीच्या ऑफिसात कुणी म्हणालं तर चार माना वळतील.

बातम्यांचं काय? एपी या वृत्तसंस्थेची स्टाइलबुक सर्वसामान्य वाचकांसाठीच्या मजकुरात डेटाला एकवचनी क्रियापद द्यायला सांगते आणि शास्त्रीय लेखनात अनेकवचनाला पसंती देते. मला ही विभागणी सगळ्यात व्यवहारी वाटते. कुठलाच रिवाज लिखित स्वरूपात मिळाला नाही तर हीच पाळावी: शोधपत्रिकेसाठी ‘आर’, बाकी सगळ्यांसाठी ‘इज’.

माझ्या वाक्यात भेसळ झाली आहे हे ओळखायचं कसं? फक्त इज आणि आर बघितलं की झालं?

नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच राहून जातात. क्रियापद सुधारून लोक निश्चिंत होतात, पण डेटाचं वचन वाक्यात निदान चार ठिकाणी उमटतं. शब्दाच्या आधी: दिस की दीज. क्रियापदात: इज, वॉज, हॅज, शोज की आर, वेअर, हॅव्ह, शो. प्रमाण सांगताना: मच, लिटल, लेस की मेनी, फ्यू, फ्यूअर. आणि पुढे सर्वनामात: इट की दे. चारही ठिकाणी एकच बाजू हवी.

एक वाक्य पूर्ण सोडवून पाहू. पावसाळ्यात पाणी तुंबण्यावरच्या एखाद्या प्रकल्प अहवालात सहज सापडेल असं हे वाक्य आहे:

‘द डेटा वॉज कलेक्टेड फ्रॉम फोर सेन्सर्स निअर हिंदमाता, अँड ऑल्दो मच ऑफ देम वेअर नॉइझी, दे वेअर नॉट डिस्कार्डेड बिकॉज दीज डेटा शोज द राइज इन वॉटर लेव्हल.’

पहिल्या वाचनात ठीक वाटतं. आता एकेक शब्द तपासू. ‘वॉज’ एकवचन. ‘मच’ एकवचन. ‘देम वेअर’ अनेकवचन, म्हणजे ‘मच ऑफ देम’ इथेच गाडी रुळावरून घसरली. ‘दे वेअर’ अनेकवचन. ‘दीज’ अनेकवचन. ‘शोज’ पुन्हा एकवचन. हे वाक्य कुठल्याच रिवाजात बसत नाही. आयट्रिपलईकडे पाठवा किंवा वर्तमानपत्राकडे पाठवा, चूक ती चूकच.

एकवचनी बाजू घेतली तर: ‘द डेटा वॉज कलेक्टेड फ्रॉम फोर सेन्सर्स निअर हिंदमाता, अँड ऑल्दो मच ऑफ इट वॉज नॉइझी, इट वॉज नॉट डिस्कार्डेड बिकॉज दिस डेटा शोज द राइज इन वॉटर लेव्हल.’

अनेकवचनी बाजू घेतली तर: ‘द डेटा वेअर कलेक्टेड फ्रॉम फोर सेन्सर्स निअर हिंदमाता, अँड ऑल्दो मेनी ऑफ देम वेअर नॉइझी, दे वेअर नॉट डिस्कार्डेड बिकॉज दीज डेटा शो द राइज इन वॉटर लेव्हल.’

व्याकरण दोन्हींत सुटलं. पण दुसरं वाक्य पुन्हा वाचा. ‘मेनी ऑफ देम वेअर नॉइझी’ म्हणजे नेमकं काय नॉइझी होतं, आकडे की सेन्सर? जवळच ‘फोर सेन्सर्स’ हे अनेकवचन बसलेलं आहे आणि ‘देम’ त्याच्याकडेही बोट दाखवू शकतं. पुढचं ‘दे वेअर नॉट डिस्कार्डेड’ वाचून तर कुणालाही वाटेल की बिघडलेले सेन्सर तसेच ठेवले. एकवचनी वाक्यात हा गोंधळ होत नाही, कारण ‘इट’ सेन्सर्सना लागूच होत नाही. अनेकवचनी डेटा वापरणाऱ्यांनी या सापळ्याकडे खास लक्ष द्यावं: आसपास दुसरं अनेकवचन असेल तर सर्वनाम टाळा. इथे ‘मेनी ऑफ द रीडिंग्ज वेअर नॉइझी’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

मच आणि मेनी यांच्यात अर्थाचाही थोडा फरक आहे. ‘मच ऑफ द डेटा’ म्हणजे एकूण साठ्यातला मोठा हिस्सा. ‘मेनी ऑफ द डेटा’ म्हणजे मोजून पुष्कळ नोंदी. चारपैकी एकच सेन्सर बिघडला होता, पण तो सेकंदाला एक नोंद करत होता आणि बाकीचे मिनिटाला एक, तर नोंदींच्या संख्येने ‘पुष्कळ’ आणि सेन्सरच्या हिशेबाने ‘थोडं’ असं दोन्ही खरं ठरतं. अशा वेळी मच-मेनीवर वाक्य सोडू नये, सरळ टक्केवारी द्यावी.

‘द क्वालिटी ऑफ द डेटा आर पुअर’ हे आर पाळणाऱ्यांच्या रिवाजात बरोबर ना?

नाही. हे कुणाच्याच रिवाजात बरोबर नाही. वाक्याचा कर्ता डेटा नसून क्वालिटी आहे. डेटा अनेकवचनी माना किंवा एकवचनी, गुणवत्ता एकच आहे, म्हणून ‘इज’. ‘डेटा म्हटलं की आर’ असं पाठ केलेल्यांची ही ठरलेली चूक, आणि ती शिकलेल्या माणसांकडूनच जास्त होते.

मराठीत भाषांतर करून पाहिलं की कर्ता लगेच सापडतो. ‘आकड्यांची गुणवत्ता वाईट आहे’. इथे ‘आहेत’ तोंडात येणारच नाही. ‘द अमाउंट ऑफ डेटा’, ‘द सेट ऑफ डेटा’, ‘द अ‍ॅनालिसिस ऑफ द डेटा’ या सगळ्यांना एकवचन. ‘डेटासेट्स’ला अनेकवचन, कारण तिथे एस सेट्सचा आहे.

अपवाद एवढाच की ‘मोस्ट ऑफ’, ‘सम ऑफ’, ‘ऑल ऑफ’, ‘द मेजॉरिटी ऑफ’ अशी सुरुवात असेल तर क्रियापद मागे वळून डेटाकडेच बघतं. तिथे तुम्ही निवडलेली बाजू चालते: ‘मोस्ट ऑफ द डेटा इज’ किंवा ‘मोस्ट ऑफ द डेटा आर’.

एका नोंदीला ‘डेटम’ म्हणू का? आणि ‘डेटाज’ चालेल?

‘डेटाज’ कुठेही चालत नाही. ‘अ डेटा’ही नाही. ‘टू डेटा’, ‘सेव्हन डेटा’ असं तर अनेकवचनाचे कट्टर समर्थकसुद्धा लिहीत नाहीत, आणि ही या शब्दाची खरी विचित्र गोष्ट आहे: म्हणायला अनेकवचन, पण त्याला आकडा लावता येत नाही. मोजायचं असेल तर ‘डेटा पॉइंट्स’, ‘रेकॉर्ड्स’, ‘रीडिंग्ज’, ‘रिस्पॉन्सेस’ यांपैकी जो शब्द तुमच्या कामाला लागू असेल तो घ्या. एका नोंदीला डेटम म्हटलं तर चूक नाही, पण वाचक अडखळतो.

सिव्हिलवाल्यांसाठी मात्र इथे वेगळी सूचना. सर्वेक्षणात डेटम म्हणजे उंची किंवा खोली मोजण्याची संदर्भपातळी. मुंबईतल्या नाल्यांच्या आणि रस्त्यांच्या पातळ्या टाउन हॉल डेटमवरून सांगितल्या जातात, नकाशावर आकड्यापुढे टीएचडी लिहिलेलं असतं ते हेच. समुद्राच्या नकाशांवर चार्ट डेटम वेगळा. या अर्थाच्या डेटमचं अनेकवचन ‘डेटम्स’ होतं, डेटा होत नाही. भरतीची उंची एका संदर्भावरून आणि नाल्याच्या तळाची पातळी दुसऱ्या संदर्भावरून घेतली असेल तर ‘द टू डेटम्स आर डिफरंट’ लिहावं. तिथे ‘द टू डेटा आर डिफरंट’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की मोजमापंच जुळत नाहीत, आणि पुढची सगळी आकडेमोड तो संशयाने बघेल.

आता मीडियाचं सांगा. ‘द मीडिया इज’ की ‘द मीडिया आर’?

मीडियाचं उत्तर वाचक कोण यापेक्षा अर्थ काय यावर जास्त अवलंबून आहे. डेटात अर्थ एकच असतो आणि बाजू निवडायची असते. मीडिया हा शब्द वेगवेगळ्या कामांना येतो आणि प्रत्येक कामात त्याचं वचन वेगळं वागतं.

सर्वांत जास्त वापर पत्रकारितेच्या अर्थाने. वर्तमानपत्रं, वाहिन्या, संकेतस्थळं मिळून जी एक शक्ती मानली जाते तिच्याबद्दल बोलत असाल, तर आज एकवचन रूढ आहे: ‘द मीडिया हॅज इग्नोअर्ड द मिल वर्कर्स’. पण वेगवेगळ्या संस्था आणि त्यांची माणसं डोळ्यांपुढे असतील तर अनेकवचन: ‘द मीडिया वेअर वेटिंग आउटसाइड मंत्रालय विथ देअर कॅमेराज’. दुसऱ्या वाक्यात एकवचन घालून बघा: ‘वॉज वेटिंग विथ इट्स कॅमेराज’. एखादा एकच अजस्र प्राणी कॅमेरे घेऊन उभा आहे असं वाटतं. एपीची स्टाइलबुकही असाच भेद करते: एकसंध गट म्हणून बोलताना एकवचन, निरनिराळ्या संस्थांबद्दल असेल तर अनेकवचन. काही ब्रिटिश वर्तमानपत्रं मात्र अजून सरसकट अनेकवचन धरतात, आणि आपल्याकडचे जुने इंग्रजी उपसंपादक त्याच वळणावर वाढलेले असल्यामुळे ‘मीडिया आर’ त्यांच्या हातून आपोआप लिहिलं जातं.

तपासायला पाठवलेल्या वाक्यात मी आधी ‘इट्स’ किंवा ‘देअर’ शोधतो. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते क्रियापदापेक्षा या शब्दात जास्त स्पष्ट दिसतं. ‘द मीडिया हॅज लॉस्ट देअर क्रेडिबिलिटी’ या वाक्यात ‘हॅज’ बदलायचा की ‘देअर’, हे अर्थावरून ठरतं. इथे विश्वासार्हता एका अख्ख्या क्षेत्राची गेली आहे, म्हणून ‘देअर’ काढून ‘इट्स’ करावं.

‘अ मीडिया’ आणि ‘मीडियाज’ कुठल्याच अर्थाने नाही. ‘ही वर्क्स इन अ लीडिंग मीडिया’ असं बायोडेटात लिहिलेलं असतं, तिथे ‘मीडिया कंपनी’, ‘न्यूजपेपर’ किंवा ‘चॅनल’, जे खरं असेल ते लिहावं.

सोशल मीडिया?

एकवचन. ‘सोशल मीडिया इज’. वेगवेगळ्या मंचांची तुलना करत असाल तर ‘सोशल मीडिया प्लॅटफॉर्म्स आर’ लिहा, म्हणजे कुणी अडवणार नाही.

प्रयोगशाळा, चित्रकला, शाळेचं माध्यम इथेही मीडियाच ना?

हो, आणि इथे एकवचनाचा सैलपणा चालत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्रात जिवाणू वाढवायचं द्रावण किंवा अगार म्हणजे मीडियम. एकच प्रकार वापरला असेल तर ‘द मीडियम वॉज ऑटोक्लेव्ह्ड अ‍ॅट १२१ डिग्री सेल्सिअस फॉर १५ मिनिट्स’. दोन-तीन प्रकार असतील तर ‘द मीडिया वेअर’. परळच्या एखाद्या लॅबमध्ये बोलताना सगळेच ‘मीडिया बनवला’, ‘मीडिया संपला’ म्हणतात आणि तसंच वाक्य प्रबंधात उतरतं: ‘द मीडिया वॉज ऑटोक्लेव्ह्ड’. बोलण्यात काही बिघडत नाही. पण पद्धतीच्या प्रकरणात वाचणाऱ्याला तो प्रयोग पुन्हा करायचा असतो. ‘मीडिया’ म्हणजे अनेक आणि ‘वॉज’ म्हणजे एक, तर नक्की किती प्रकारची माध्यमं होती, हे त्याला कळतच नाही. वर पत्रकारितेच्या अर्थात एकवचन चालतं म्हणून इथेही चालेल, असं धरू नये. परीक्षकाने ही चूक दाखवली तर तो उगाच कीस काढत नाहीये.

चित्रकलेतही तसंच. जलरंग हा एक मीडियम, जलरंग आणि कोळसा मिळून दोन मीडिया. जहांगीरमध्ये चित्राशेजारच्या चिठ्ठीवर ‘मिक्स्ड मीडिया ऑन कॅनव्हास’ लिहिलेलं असतं ते बरोबर, कारण तिथे एकाहून अधिक आहेत. पण नुसत्या तैलरंगातल्या चित्राखाली ‘मीडिया: ऑइल’ नको, ‘मीडियम: ऑइल’ हवं.

कॉम्प्युटरवाल्यांनी पेनड्राइव्हसाठी हेच लक्षात ठेवावं. एक खराब झाला तर ‘स्टोरेज मीडियम’, ढीगभर असतील तर ‘स्टोरेज मीडिया आर’.

शाळेच्या माध्यमाचं प्रकरण थोडं निराळं. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या आहेत. इंग्रजीत लिहिताना ‘एट मीडिया’ लिहिलंत तर वाचकाला आठ वाहिन्या आठवतील. ‘मीडिया ऑफ इन्स्ट्रक्शन’ व्याकरणात बसतं, पण मी इथे ‘मीडियम्स ऑफ इन्स्ट्रक्शन’ लिहितो. मीडियम्स हे रूप इंग्रजीत आहे आणि जिथे मीडिया म्हटल्यावर पत्रकार डोळ्यांपुढे येतील तिथे ते कामाला येतं. भुताखेतांशी बोलणाऱ्या मध्यस्थांचंही अनेकवचन मीडियम्सच होतं, पण तुमच्या अहवालात ते यायची शक्यता कमी.

वर्डने खाली रेघ मारली नाही, म्हणजे वाक्य बरोबर ना?

तसं समजू नका. दोन्ही रूपं प्रचलित असल्यामुळे तपासनीस सुटं वाक्य पाहून बहुधा दोन्हीला सोडून देतो. तिसऱ्या पानावर ‘डेटा वॉज’ आणि अकराव्या पानावर ‘डेटा वेअर’ आहे, ही विसंगती तो पकडेलच असं नाही. त्यासाठी स्वतः शोध घ्यावा लागतो. वर्डमध्ये `data is`, `data was`, `data are`, `data were` असे चार शोध वेगवेगळे चालवा. पेपर लॅटेकमध्ये असेल तर एका आज्ञेत होतं:

```
grep -nEiw 'data (is|was|has|are|were|have)' paper.tex
```

ओळक्रमांकांसह यादी मिळेल, कुठली बाजू जास्त आहे ते दिसेल आणि उरलेल्या ओळी तिच्याप्रमाणे करता येतील. पण या यादीवर विसंबून राहू नका. डेटा आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द आले (‘डेटा फ्रॉम फोर सेन्सर्स वॉज’) किंवा वाक्य दोन ओळींत तुटलं, तर हा शोध ते सोडून देतो. ‘क्वालिटी ऑफ द डेटा इज’ हे बरोबर वाक्यही यादीत येईल, ते बदलायचं नाही. आणि ‘मच ऑफ देम’सारखी भेसळ कुठल्याच शोधात सापडत नाही. ती डोळ्यांनीच वाचून काढावी लागते.

मराठी मजकुरात काय करायचं?

मराठीत डेटा हा पुल्लिंगी एकवचनीच रुळला आहे: डेटा मिळाला, डेटा उडाला, डेटा संपला. इंग्रजीच्या धाकाने कुणी ‘डेटा गोळा केले आहेत’ असं लिहितो, ते कानाला लगेच टोचतं. ‘डेटा गोळा केला आहे’ लिहा, किंवा सुटेपणा दाखवायचा असेल तर ‘आकडे’, ‘नोंदी’ आहेतच. मीडियाचं लिंग अजून डळमळीत आहे, ‘मीडिया आला’ आणि ‘मीडिया आली’ दोन्ही ऐकू येतं. छापील मजकुरात ‘माध्यमं’ किंवा ‘प्रसारमाध्यमं’ लिहून सरळ अनेकवचन वापरावं: ‘माध्यमांनी दखल घेतली’.

इंग्रजीत अडखळायचं एक कारण इथेच आहे. मराठीत डेटा एकवचनी ऐकत वाढल्यामुळे ‘इज’ आपोआप येतो आणि मग कधीतरी शाळेत ऐकलेला नियम आठवून वाक्याच्या मध्यावर ‘आर’ घुसतो.

गाईडनी ‘आर’ केलं आणि जर्नलने परत ‘इज’ केलं. कुणाचं ऐकू?

जिथे छापलं जाणार त्यांचं. विद्यापीठाला द्यायच्या प्रबंधात गाईडचं, जर्नलला पाठवायच्या पेपरात जर्नलचं. एकाच मजकुराच्या दोन प्रती ठेवाव्या लागतील, त्याला इलाज नाही. गाईडशी वाद घालण्यापेक्षा जर्नलच्या लेखक-सूचनांचं पान त्यांना दाखवा, बहुतेक जण हरकत घेत नाहीत.

बदल करताना एक गोष्ट मात्र सांभाळा. अवतरणचिन्हांतला दुसऱ्याचा मजकूर आणि संदर्भसूचीतली शीर्षकं यांना हात लावायचा नाही. तुमच्या पेपरात सगळीकडे ‘इज’ असेल आणि रिझर्व्ह बँकेची टीप तुम्ही शब्दशः उद्धृत केली असेल, तर तिथलं ‘डेटा आर प्रोव्हिजनल’ तसंच राहील. ‘रिप्लेस ऑल’ दाबून बदल केलात तर सगळ्यात आधी अशाच जागा बिघडतात, म्हणून एकेक पाहत ‘रिप्लेस’ दाबा.